साडेचार फुटांचा फेरफार

चुलतभावाचा फोन आला तेव्हा तो तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात उभा होता. "दादा, मेल जाईना. तीनदा पाठवला, तीनदा परत आला." त्याला 1987 सालचं एक खरेदीखत पुण्याच्या वकिलांकडे पाठवायचं होतं. अठरा पानं, सगळी हाताने लिहिलेली, वर मुद्रांकाचा कागद, खाली सह्या आणि जांभळ्या शाईतले अंगठे. दुकानदाराने स्कॅन चांगलंच करून दिलं होतं. रंगीत, स्वच्छ, 300 डीपीआय. फक्त फाइल झाली होती 41 एमबीची.

दुकानदाराचा उपाय तयार होता: एखाद्या फुकट वेबसाइटवर फाइल चढवायची, ती छोटी करून देते. मी म्हटलं, थांब. खरेदीखतात काय नसतं? घेणाऱ्या-देणाऱ्याची नावं, पत्ते, रक्कम, गट नंबर, चतुःसीमा, सह्यांचे नमुने. हे सगळं कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर टाकायचं आणि मग "आम्ही तासाभरात फाइल पुसतो" या एका ओळीवर विश्वास ठेवायचा, हे मला पटत नाही. तेच काम आपल्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवूनही होतं. त्यासाठीचा प्रोग्राम फुकट आहे आणि त्याचं नाव आहे घोस्टस्क्रिप्ट.

आधी मेल परत का येतो ते पाहू. जीमेलची मर्यादा 25 एमबी, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ईमेल मुळात फक्त अक्षरं वाहून नेण्यासाठी तयार झाली. त्यामुळे जोडलेली फाइल पाठवताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि त्यात दर तीन बाइटमागे चार अक्षरं खर्ची पडतात. ओळींचे तुकडे धरले तर फाइल वाटेत सुमारे 37 टक्क्यांनी फुगते. म्हणजे 20 एमबीची फाइल वाटेत 27 एमबीची होते. आमच्या वकिलांच्या ऑफिसची मेल तर 10 एमबीवर काही घेत नव्हती. उलटा हिशेब केला की मूळ फाइल 7 एमबीच्या आसपास हवी. 41 वरून 7 वर यायचं होतं, आणि अक्षर वाचता येईल असं.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटोंची चळत. टाइप केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरं म्हणून साठवलेली असतात, म्हणून शंभर पानांचं पुस्तकसुद्धा छोट्या फाइलमध्ये बसतं. स्कॅनमध्ये मात्र "गट नंबर" हे शब्द नसतात, त्या शब्दांचा फोटो असतो. ए-फोर पानाचा 300 डीपीआयने फोटो काढला तर दर इंचाला 300 ठिपके, म्हणजे आडवे 2480 आणि उभे 3508. गुणाकार केला की एका पानावर सत्त्याऐंशी लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर नुसतं एक पान 26 एमबीचं. जेपेग पद्धतीने ते दाबल्यावर आमच्या फाइलमध्ये पानाला सव्वादोन एमबी उरले होते. कोऱ्या पांढऱ्या कागदाचे एवढे झाले नसते. पण जुन्या मुद्रांकाची बारीक नक्षी, पिवळा पडलेला कागद आणि त्याचा खरबरीतपणा यांना जेपेग फारसं दाबू शकत नाही. ते सगळं त्याला कामाचं चित्रच वाटतं.

म्हणून खरा उपाय ठिपके कमी करणं हाच. 300 चे 150 डीपीआय केले की आडवे निम्मे आणि उभेही निम्मे, म्हणजे एकूण ठिपके चौथाई. शेजारच्या चार ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका करायचा, एवढाच तो व्यवहार.

घोस्टस्क्रिप्ट हे काम करतं, पण ते यासाठी जन्माला आलेलं नाही. अ‍ॅडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा आहे. पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगणारी. ती भाषा वाचणारा मोकळा प्रोग्राम एल. पीटर डॉइच यांनी 1988 मध्ये लोकांना दिला. हे गृहस्थ शाळकरी वयातच पीडीपी-1 या कॉम्प्युटरवर लिस्प ही भाषा चालवून बसले होते, त्यामुळे हे काम त्यांच्या हातचंच. आज आर्टिफेक्स ही कंपनी घोस्टस्क्रिप्ट सांभाळते. हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. घोस्टस्क्रिप्ट तुमच्या पीडीएफला हात लावून ती "दाबत" नाही. ते छापखान्यातल्या जुळाऱ्यासारखं सगळं पान वाचतं आणि त्यावरून नवी पीडीएफ लिहून काढतं. मूळ फाइल तशीच राहते. पुढच्या बऱ्याच गमतीजमती याच एका गोष्टीतून निघतात.

विंडोजवर घोस्टस्क्रिप्ट बसवल्यावर डेस्कटॉपवर कुठलंही बटण दिसत नाही, आणि इथेच अर्धी माणसं परत फिरतात. त्याला खिडकी नाही. काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हुकूम टाइप करायचा. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे अ‍ॅड्रेसच्या पट्टीत `cmd` लिहून एंटर दाबलं की ती काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. मग हे:

```
"C:\Program Files\gs\gs10.04.0\bin\gswin64c.exe" -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -o khat-mail.pdf khat.pdf
```

मधला `gs10.04.0` हा आवृत्तीचा नंबर, तुमच्याकडे जो असेल तो घाला. लिनक्स किंवा मॅकवर एवढ्या लांबलचक पत्त्याची गरज नाही, नुसतं `gs` पुरतं. पुढचं सगळीकडे सारखंच. `pdfwrite` म्हणजे नवी पीडीएफ लिही. `-o` नंतर नव्या फाइलचं नाव, शेवटी जुन्या फाइलचं. ही दोन नावं कधीही एक ठेवू नका, मूळ स्कॅन हातचं जायची भीती असते. आणि मधलं `/ebook` हे खरं औषध: चित्रं 150 डीपीआयवर आण.

एक सूचना. `PDFSETTINGS` मधलं एखादं अक्षर चुकलं तर घोस्टस्क्रिप्ट तक्रार करत नाही. त्याला वाटतं, तुम्ही आपलं काहीतरी नवं नाव ठेवलंय, आणि ते पुढे जातं. नवी फाइल तयार होते, पण आकार कमी होत नाही. त्यामुळे काहीच फरक पडला नाही तर आधी स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं पाहा.

भावाने मला फाइल एका ड्राइव्हवरून दिली आणि मी हा हुकूम चालवला. 41 एमबीची फाइल 5.6 एमबीवर आली. काम झालं असं म्हणून तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हाव सुटली. `/ebook` च्या खाली `/screen` नावाची आणखी एक पायरी आहे, 72 डीपीआयची. तीही करून पाहिली. फाइल 1.7 एमबी. स्क्रीनवर पान अख्खं दिसेल असं ठेवलं तर दिसायलाही वाईट नव्हतं. मग गट नंबरपाशी जाऊन मोठं करून पाहिलं.

गट नंबर होता १९४. `/screen` च्या फाइलमध्ये मधला आकडा ९ आहे की १, हे मला छातीठोकपणे सांगता येईना. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ मध्ये फरक तो केवढा, एका वळणाचा. हिशेब करून पाहा. शाईच्या पेनाची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड. 72 डीपीआयला तिच्या वाट्याला जेमतेम दीड ठिपका येतो, 150 ला तीन येतात. दीड ठिपक्यात वळण काढता येत नाही, नुसता डाग पडतो. त्यात जेपेगची आणखी एक खोड आहे: ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातला बारकावा वेगळा गाळतं. 72 डीपीआयला असा एक चौकोन पावणेतीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे एखादा आकडा जवळजवळ सबंध त्यात बुडतो. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. आपला अनुस्वार म्हणजे एक टिंब, रफार म्हणजे शिरोरेषेवरची एक छोटी चंद्रकोर. ती पुसली गेली तरी उरलेला शब्द दिसायला धडधाकटच असतो. "पूर्वेस" आणि "पश्चिमेस" कुणी चुकीचं वाचणार नाही, पण क्षेत्रफळाच्या आकड्याचं तसं नाही. जमिनीच्या कागदाला `/screen` लावू नये हे माझं स्पष्ट मत आहे. लग्नाच्या पत्रिकेला खुशाल लावा.

राखाडी करून पाहण्याचाही मोह होतो. रंग काढला की फाइल तिसऱ्या हिश्शावर येईल, असं वाटतं. तसं होत नाही. जेपेग मुळातच रंग जाडाभरडा साठवतं आणि उजेड-अंधार बारकाईने, त्यामुळे रंग काढून फारसं हाती लागत नाही. आमची फाइल 5.6 वरून 4.7 वर आली. त्या नऊशे केबीसाठी निळ्या शाईची सही आणि जांभळा अंगठा काळा करून टाकायचा? वकिलांना मूळ शाईवरूनच कळतं की समोर आहे ते अस्सल कागदाचं स्कॅन आहे की झेरॉक्सचं. रंग ठेवला.

इथवर सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मग भावाने दुसरी फाइल पाठवली. जुन्या फेरफाराच्या नकलेची चार पानं, ती पुतण्याने मोबाइलवर काढून कुठल्याशा अ‍ॅपने पीडीएफ केली होती. चार पानांचे 16 एमबी. तोच हुकूम चालवला. 16 चे 16. स्पेलिंग पाहिलं, बरोबर होतं. `/screen` लावलं, तरी 16.

कारण सापडलं ते पीडीएफ वाचायच्या प्रोग्राममध्ये फाइलची माहिती उघडल्यावर. तिथे पानाचा आकार लिहिलेला असतो. सामान्य स्कॅनला तिथे 8.27 बाय 11.69 इंच दिसतं. या फाइलमध्ये होतं 41.67 बाय 55.56 इंच. म्हणजे फेरफाराचं एकेक पान साडेचार फुटांहून उंच. शेतातल्या बुजगावण्याएवढं.

झालं होतं ते असं. मोबाइलच्या फोटोत ठिपके होते 3000 बाय 4000. फोटोला स्वतःची लांबी-रुंदी नसते, नुसते ठिपके असतात. त्या अ‍ॅपने फार विचार न करता दर इंचाला 72 ठिपके धरून पान आखलं, आणि 4000 भागिले 72 म्हणजे साडेपंचावन्न इंच. घोस्टस्क्रिप्ट ठिपके मोजत नाही, दर इंचाला किती ठिपके आहेत ते मोजतं. त्याने पाहिलं, पान तर आधीच 72 डीपीआयचं आहे, 150 वर आणायचं काय? आणि ज्या जेपेगचे ठिपके कमी करायचे नसतात ते जेपेग घोस्टस्क्रिप्ट उघडतही नाही, जसंच्या तसं नव्या फाइलमध्ये ठेवतं. एरवी ही चांगलीच सवय आहे, कारण जेपेग उघडून परत दाबलं की दर वेळी थोडा बारकावा जातो. इथे मात्र ती आडवी आली.

उपाय म्हणजे त्याला सांगायचं, पान ए-फोरचं कर आणि चित्र त्यात बसव:

```
gswin64c -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -sPAPERSIZE=a4 -dFIXEDMEDIA -dPDFFitPage -o ferfar-mail.pdf ferfar.pdf
```

प्रोग्रामचा पूर्ण पत्ता इथे जागेसाठी गाळलाय, विंडोजवर तो आधीसारखाच द्यायचा. आता तेच 3000 ठिपके सव्वाआठ इंचांत बसायला लागले, म्हणजे इंचाला 363. घोस्टस्क्रिप्टला काम दिसलं. 16 एमबीचे 1.3 एमबी झाले, आणि तलाठ्याचं अक्षर जेवढं आधी वाचता येत होतं तेवढंच नंतरही येत होतं. तलाठ्यांची अक्षरं पाहता यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

याच्याच जातीची दुसरी अडचण ऑफिसांतल्या मशीनवर येते. तिथे स्कॅनर बहुधा 200 डीपीआयवर लावून ठेवलेला असतो. `/ebook` लावलं की 200 चे 150 होतील, असं आपण धरून चालतो. होत नाहीत. घोस्टस्क्रिप्टचा नेम असा की ठरलेल्या आकड्याच्या दीडपटीवर चित्र असेल तरच त्याला हात लावायचा. 150 ची दीडपट 225. दोनशे त्याच्या खाली, म्हणून चित्र तसंच पुढे जातं. हा उंबरठा खाली आणायला हुकुमात हे घालायचं:

```
-dColorImageDownsampleThreshold=1.0 -dGrayImageDownsampleThreshold=1.0
```

तरी 200 चे 150 केल्याने ठिपके निम्म्याच्या थोडे वरच उरतात, त्यामुळे चमत्काराची आशा धरू नका. आणि कधी कधी फाइल उलट मोठी होते. काही स्कॅनर काळ्या-पांढऱ्या पानांसाठी जेबिग-2 नावाची फार काटकसरी पद्धत वापरतात. घोस्टस्क्रिप्टला ती वाचता येते, लिहिता येत नाही. ते तीच पानं फॅक्सच्या जुन्या पद्धतीने लिहून काढतं, आणि ती जास्त जागा खाते. अशी फाइल हाती आली तर मूळच पाठवा, ती आधीच पिळून काढलेली आहे.

विंडोजच्या निळ्या पॉवरशेलमध्ये हुकूम देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंटरनेटवरच्या तयार हुकुमांत बहुतेकदा `-dCompatibilityLevel=1.4` असं असतं. पॉवरशेल त्या टिंबापाशी शब्द तोडतं आणि `.4` हे वेगळंच काहीतरी समजून पुढे सरकवतं. मग घोस्टस्क्रिप्ट `.4` नावाची फाइल शोधत बसतं. तेवढा तुकडा अवतरणचिन्हांत घातला की भागतं. मी साध्या `cmd` मध्येच काम करतो.

आता ज्या फाइलला घोस्टस्क्रिप्ट मुळीच लावू नये तिच्याविषयी. भावाने तिसरी फाइलही दिली होती: सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेला, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. "हीसुद्धा बारीक कर की." मी म्हटलं, हिला बोट लावायचं नाही. घोस्टस्क्रिप्ट पान वाचून नवी फाइल लिहितं, हे वर सांगितलंच आहे. डिजिटल सही असते ती त्या फाइलच्या बाइटन् बाइटवर. नवी फाइल म्हणजे नवे बाइट, सही गेली. पानावर सहीचा चौकोन चित्र म्हणून दिसत राहील, पण तो तपासायला गेलं की मागे काही नसेल. हातच्या सहीवर पांढरा रंग फिरवून परत गिरवण्यासारखंच ते. शिवाय हा सातबारा टाइप केलेला असतो, त्यात दाबायला फोटोही नसतो. तो तसाच जोडायचा.

पासवर्ड असलेल्या फाइलीचंही भान ठेवा. ई-आधारची पीडीएफ पासवर्डशिवाय उघडत नाही. घोस्टस्क्रिप्टला पासवर्ड सांगितला तर ते ती वाचतं आणि नवी फाइल बिनकुलपाची लिहून देतं. मग ती मेल चुकून दुसऱ्याच पत्त्यावर गेली तर आधार उघडंच.

शेवटी आमच्या गाठोड्यात खरेदीखताचे 5.6 एमबी, फेरफाराचे 1.3 आणि सातबाऱ्याचे थोडे केबी झाले. सगळे मिळून सातच्या आत. वाटेतली फुगवटी धरून साडेनऊच्या आसपास, म्हणजे दहाच्या उंबरठ्यावरून कसंबसं आत. पाठवण्याआधी मी प्रत्येक पान दुप्पट मोठं करून तीन ठिकाणी पाहिलं: गट नंबर, क्षेत्र आणि दस्त नोंदणीचा शिक्का. तीन आकडे वाचता आले की पान चालतं, असा माझा नेम आहे. मूळ 41 एमबीची फाइल भावाला पेनड्राइव्हवर ठेवायला सांगितली. पुढे छापील प्रत लागली तर तीच लागणार, 150 डीपीआयची नव्हे.

मेल गेली. दुपारी वकिलांच्या ऑफिसातून उत्तर आलं: कागद मिळाले, गट नंबर 194 दिसतो आहे, फेरफाराच्या दुसऱ्या पानावर बोट आलंय, ते पान परत काढून पाठवा.